बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ

प्रश्न : बाबांना ८१ वर्षं पूर्ण होताहेत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांना पाठवायच्या व्हिडिओत मला बोलायचंय. लिहिलेलं भाषण निबंधासारखं वाटतं. काय करू?
– एक वाचक, वाशी

उत्तर : तुमचा मसुदा वाचला. ‘कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय’ ही विशेषणं आधी काढा. ती कुणाच्याही वडिलांना लागू पडतात. तुम्ही ओझरता उल्लेख केलेला बसप्रवास मात्र फक्त त्यांचा आहे. तोच धरा. शिवाय ‘माझे बाबा’ असं त्यांच्याविषयी न बोलता थेट त्यांच्याशी बोला :

‘बाबा, १९९२मध्ये वाशीला लोकल आली. त्याआधी तुम्ही बसने खाडीपूल ओलांडून फोर्टात जायचात. आल्यावर चपला काढायच्या आधी विचारायचात, “पोरं जेवली का?” आता मेलबर्नला फोन लावलात तरी पहिला प्रश्न तोच. बाबा, आम्ही सगळे जेवलोय. आज तुम्ही आधी बसा.’

यात ‘प्रेमळ’ कुठेच नाही, पण ते ऐकू येतं. वाक्यं आखूड आहेत, त्यामुळे तिकडच्या नातवंडांनाही कळतील. पुढे आईचा एखादा प्रसंग जोडा. तिच्याशिवाय हा सोहळा अपुराच. सगळं मिळून दोन मिनिटं, म्हणजे साधारण दोनशे शब्द पुरेत.

चित्रीकरणाआधी मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडकेल, तिथे वाक्य तोडा. कागद समोर धरू नका, नजर खाली जाते आणि आवाज सपाट होतो. पार्श्वसंगीत ठेवायचंच असेल, तर बोलणं संपल्यावर.