उद्देश तसा संशोधनाचा आराखडा

गावात नवजात बालके दगावत असतील, तर तीन निरनिराळे प्रश्न उद्भवतात. घराघरांत नेमके काय घडते? ते किती प्रमाणात घडते? आणि ते कशामुळे घडते? यांची उत्तरे देणाऱ्या संशोधनास अनुक्रमे अन्वेषणात्मक, वर्णनात्मक व स्पष्टीकरणात्मक संशोधन असे म्हणतात. प्रश्न बदलला की आराखडाही बदलावा लागतो.

विषय अपरिचित असतो तेव्हा छापील प्रश्नावली उपयोगी पडत नाही. कारण काय विचारावे हेच ठाऊक नसते. अशा वेळी काही मोजक्या माता, सुईणी व वडीलधाऱ्या स्त्रिया यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. बाळाला थंडी लागणे, दूध न ओढणे या गोष्टींना गावात कोणती नावे आहेत, हे त्यातून कळते. मात्र वीस जणींच्या बोलण्यावरून टक्केवारी काढू नये.

प्रमाण सांगावयाचे, तर वर्णनात्मक आराखडा हवा. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1995-96 मध्ये 39 गावांतील नवजात बालकांची जन्मापासून 28 दिवस घरीच पाहणी केली. आजारी बालके पुष्कळ, पण औषधोपचार मिळालेली अगदी थोडी, असे तीत दिसून आले. येथे निवडक घरे पाहून भागत नाही. एकही जन्म वा मृत्यू नोंदीतून सुटता कामा नये. अन्यथा प्रमाण चुकते.

तथापि, घरी उपचार केल्याने मृत्यू घटतील काय, हे अशी पाहणी सांगू शकत नाही. त्यासाठी तुलना लागते. म्हणून त्या 39 गावांत प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांमार्फत बाळाला ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके देणे अशी सेवा सुरू झाली. आणखी 47 गावांत केवळ नेहमीच्या सेवा चालू राहिल्या. प्रारंभी दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू पहिल्या गटात सुमारे 62 व दुसऱ्यात सुमारे 58 होते. 1997-98 मध्ये पहिल्या गटात ते सुमारे 25 वर आले. दुसऱ्यात मात्र सुमारे 60 च राहिले.

ही 47 गावे नसती, तर ही घट चांगल्या पीकपाण्यामुळे किंवा नव्या रस्त्यामुळे झाली, असा आक्षेप घेता आला असता. दोन्ही गटांचा प्रारंभ जवळजवळ सारखा होता, हेही महत्त्वाचे. या आराखड्यासही मर्यादा होत्या. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. आणि सर्व उपाय एकत्र योजल्यामुळे कोणत्या उपायाचा वाटा किती, हे त्या तुलनेतून वेगळे काढता येत नव्हते.

पंचायतीपुढे एखादा अहवाल येतो, तेव्हा हीच कसोटी लावावी. त्यात ‘यामुळे’ हा शब्द आढळल्यास, तुलनेसाठी दुसरा गट कोणता होता आणि आरंभीची स्थिती नोंदली होती काय, हे पाहावे. दोन्ही नसतील, तर तो अहवाल वर्णनापुरताच ग्राह्य धरावा.