शिरोरेषेला रंगीत कड का दिसते?

क्यूडी-ओएलईडी मॉनिटरवर नीट बघा. काळ्या शिरोरेषेच्या वर गुलाबी आणि खाली हिरवट कड दिसते. कारण अशा बहुतेक पडद्यांच्या प्रत्येक ठिपक्यात हिरवा भाग वर, तर लाल आणि निळा खाली असतो.

विंडोजचं क्लिअरटाइप मात्र हे तिन्ही रंग एका आडव्या ओळीत आहेत असं धरून अक्षर गुळगुळीत करतं. त्यामुळे कान्याच्या बाजूलाही रंग उमटतो. स्टार्टमध्ये `ClearType` शोधा आणि `Turn on ClearType` वरची खूण काढा. मग कडा फक्त करड्या छटांनी गुळगुळीत होतात. बाजूचे रंग जातात, अक्षर किंचित मऊ दिसतं. शिरोरेषेचा रंग राहतोच, तो पडद्याच्या रचनेचा आहे. अक्षर मोठं केलं की कमी जाणवतो.