शब्द ओळखीचे, अर्थ निराळे

तुमच्या मोहल्ल्यातील कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीला असेलच. रत्नागिरी, भिवंडी, मालेगाव अशा गावांतून अनेक तरुण सौदी अरेबियात जातात. तुमच्यापैकीही काही जण पुढे जातील. तुम्हांला उर्दू येते, म्हणून अरबी लिपी वाचता येते. हा तुमचा मोठा फायदा आहे. पण याच फायद्यात एक धोका लपलेला आहे, आणि तो तुम्ही निघण्यापूर्वीच ओळखला पाहिजे. अरबी पाटीवरचा शब्द तुम्ही वाचता, तो तुमच्या ओळखीचा असतो आणि त्याचा अर्थ मात्र भलताच निघतो.

आमच्या गावचा एक तरुण जेद्दा शहरात फिटर म्हणून गेला. कंपनीने राहण्यासाठी खोली दिली नव्हती. करारात 'बदल सकन' असे लिहिलेले होते. त्याला वाटले, काहीतरी बदलून मिळणार. खरे तर 'बदल सकन' म्हणजे घरभाडे भत्ता. म्हणजे खोली त्यालाच शोधायची होती.

खोली शोधताना त्याला एक पाटी दिसली. तिच्यावर दोनच शब्द होते. दुसरा होता 'फकत', म्हणजे तुमच्या उर्दूतील आणि मराठीतील 'फक्त'. पहिला शब्द त्याने 'अवाइल' असा वाचला. उर्दूत 'अवाइल' म्हणजे सुरुवातीचा काळ. पण हा शब्द अलिफने नव्हे, ऐनने सुरू होत होता. ऐनवाल्या 'अवाइल'चा अर्थ कुटुंबे. ती जागा फक्त कुटुंबांसाठी होती. एकट्या पुरुषाने तिथे चौकशी करून उपयोग नव्हता. उर्दू बोलताना आपण अलिफ आणि ऐन यांत फारसा फरक करत नाही. अरबीत तो करावाच लागतो.

शेवटी एक खोली सापडली. आता भाड्याचे बोलणे कसे करावे, ते पाहा.

"कम ईजार अल-गुर्फा?" म्हणजे खोलीचे भाडे किती? येथे 'कम' म्हणजे थोडे नव्हे. 'कम' म्हणजे किती. भाडे कमी करा, असे सांगण्यासाठी हा शब्द चालणार नाही.

मालक म्हणाला, "खम्समिया, बिश्शहर." खम्समिया म्हणजे ५००. पुढच्या शब्दाने आमचा फिटर गोंधळला. शहरात पाचशे आणि गावाबाहेर किती, असा विचार तो करू लागला. अरबीत 'शहर' म्हणजे महिना! मालक सांगत होता, दरमहा पाचशे रियाल. हा एक शब्द नीट लक्षात ठेवा. भाडे असो वा पगार, तो सगळीकडे येतो.

नंतर विचारावे, "शामिल कहरबा व मोया?" म्हणजे वीज आणि पाणी भाड्यात धरले आहे का? 'शामिल' हा शब्द मात्र तुमच्या अर्थानेच चालतो. मराठीतला 'सामील' तोच. उत्तर 'ला' आले तर विजेचे पैसे वेगळे द्यावे लागतील. तेथे उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र रात्रंदिवस चालते; त्यामुळे हा खर्च लहान नसतो.

पैसे दिल्यावर म्हणावे, "लौ समहत, अबगा ईसाल." कृपया, मला पावती हवी आहे. पावतीशिवाय दिलेली अनामत परत मागणे फार कठीण जाते.

आता बँकेकडे वळू. पहिल्या दिवशी बँकेत जाऊन चालत नाही. आधी 'इकामा' हातात यावा लागतो. हा इकामा म्हणजे नमाजाची इकामत नव्हे. तो राहण्याचा परवाना आहे. तो मालकानेच काढून द्यायचा असतो आणि त्याची फीही मालकानेच भरायची असते. "मता इकामा?" म्हणजे इकामा कधी मिळेल, असे पहिल्याच आठवड्यात अदबीने विचारावे.

इकामा घेऊन आमचा फिटर बँकेत गेला. "अबगा अफ्तह हिसाब," म्हणजे मला खाते उघडायचे आहे, असे तो व्यवस्थित बोलला. कारकुनाने विचारले, "रकम?" याने उत्तर दिले, "दोनशे रियाल." कारकुनाला हवा होता मोबाइलचा नंबर. उर्दूत रकम म्हणजे पैसे, आपल्या मराठीत 'रक्कम' म्हणजेही पैसे. पण अरबीत 'रकम' म्हणजे क्रमांक. 'रकम अल-हिसाब' हा खाते क्रमांक, आणि 'रकम अल-जव्वाल' हा मोबाइल क्रमांक. पैशांच्या आकड्यासाठी अरबीत 'मब्लग' म्हणतात.

घरी पैसे पाठवताना 'कम रुसूम?' असे विचारतात. रुसूम म्हणजे लग्नाच्या रीती नव्हेत, तर फी. पण केवळ फी विचारून थांबू नका. समजा, तुमच्याजवळ १००० रियाल आहेत. एका दुकानात फी १० रियाल आहे आणि एका रियालला २२ रुपये मिळतात. घरी ९९० गुणिले २२, म्हणजे २१,७८० रुपये पोहोचतील. दुसऱ्या दुकानात फी २० रियाल, पण भाव साडेबावीस रुपये. तेथून ९८० गुणिले २२.५०, म्हणजे २२,०५० रुपये पोहोचतील. फी दुप्पट, तरी फायदा २७० रुपयांचा! म्हणून घरी किती रुपये पोहोचतील, तेच विचारावे.

सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र निघण्यापूर्वीच पुढे येतो. तो म्हणजे 'अक्द'. तुमच्याकडे अक्द म्हणजे निकाह. तेथे कोणताही करार. सौदी कायद्यानुसार नोकरीचा करार अरबीत असावा लागतो. सोबत इंग्रजी मजकूर असला आणि दोहोंत फरक निघाला, तर अरबी मजकूर खरा धरला जातो. म्हणून इंग्रजी पान वाचून सही करू नका. अरबी पानावर 'रातिब' हा शब्द शोधा. रातिब म्हणजे पगार. आपल्या दुधाचा 'रतीब' याच शब्दापासून आला आहे. ठरलेले, नेमाने मिळणारे ते रातिब.

त्या शब्दापुढचा आकडा नीट पाहा. तुम्ही उर्दूत चार, पाच आणि सहा जसे लिहिता, तसे अरब लिहीत नाहीत. त्यांचा पाच हा वर्तुळासारखा असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यांचा सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. एक दांडी, एक वर्तुळ आणि दोन ठिपके असतील तर ती संख्या १५०० आहे. इंग्रजी पानावर १८०० आणि अरबी पानावर हे चित्र असेल, तर सही करण्यापूर्वीच एजंटला विचारा. तेथे पोहोचल्यावर ३०० रियालचा हा फरक दरमहा तुमच्याच खिशातून जाईल.

पहिल्या महिन्यात बोलणे भराभर कानांवरून जाते. सबआ म्हणजे सात आणि तिसआ म्हणजे नऊ, हे तर एकसारखेच ऐकू येतात. अशा वेळी मान हलवून 'हो' म्हणू नका. "मा फहिम्त," म्हणजे मला समजले नाही, असे सांगा. खिशातून वही व पेन काढा आणि म्हणा, "उक्तुब हिना, लौ समहत." येथे लिहा, कृपया. लिहिलेला आकडा तुम्हांला वाचता येतो.

स्वाध्याय

१. 'शहर', 'रकम', 'कम' आणि 'अक्द' या शब्दांचे उर्दू व अरबी अर्थ लिहा.
२. आमचा फिटर बँकेत का गोंधळला, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. खोलीचा मालक म्हणतो, "सित्तमिया, बिश्शहर." सित्तमिया म्हणजे ६००. तुम्ही यापुढे कोणते दोन प्रश्न विचाराल? मित्राला मालक करून हा संवाद वर्गात बोलून दाखवा.