लेबल बदललं, शिलाई तीच

आधीच सांगतो, अख्खा प्रोग्राम मी ढापला नव्हता. इन्सर्ट, डिस्प्ले, मेन्यू सगळं माझ्या हातचं होतं. डिलीटचं एक फंक्शन तेवढं घेतलं, जेमतेम पंधरा-वीस ओळींचं. मार्क मात्र पंचवीसच्या पंचवीस गेले.

सबमिशन सकाळी दहाला होतं. आदल्या दिवशी अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये रुळांवर पाणी साचलं आणि कात्रपला घरी पोचायला साडेनऊ वाजले. जेवून बसलो, तर लिंक्ड लिस्टमधला नोड काढायला गेलं की प्रोग्राम आडवा. साडेबाराला मित्राला फोन केला. अंबरनाथचा, रोज एकाच डब्यात असायचो. तो म्हणाला, "फाइल टाकतो, घे भावा. नुसती नावं बदल." हे शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

फाइल आली तरी अर्धा तास उघडली नाही. मग "नुसतं बघू" म्हणून उघडली. `temp`चं `chalu` केलं, `prev`चं `magcha`, मोकळ्या ओळी टाकल्या, फंक्शनांची जागा बदलली. प्रोग्राम चालला. दोन वाजता गाढ झोपलो, हे लिहायची आज लाज वाटते.

चौथ्या दिवशी सरांनी दोघांना बोलावलं. स्क्रीनवर दोन रकाने, त्याचा कोड आणि माझा, जुळणाऱ्या ओळी एकाच रंगात. मॉस नावाची प्रणाली, 1994 पासूनची, आता स्टॅनफर्ड विद्यापीठातून चालणारी. ती नावं बघतच नाही. चलाचं नाव `temp` असो की `chalu`, तिच्या लेखी ते "एक नाव", बस. मोकळ्या जागा गाळते, कोडचे एकात एक गुंतलेले छोटे तुकडे पाडते आणि दुसऱ्याच्या तुकड्यांशी ताडून बघते. तुकडे लहान असल्याने फंक्शन वर-खाली हलवूनही सुटका नाही.

सर मात्र म्हणाले, "जुळलं म्हणजे चोरी असं मी म्हणत नाही. एकाच पुस्तकातून शिकलात तरी जुळेल." आणि त्यांनी माझा प्रोग्राम चालवला. 10, 20, 30 टाकले. 30 काढला. 50 शेवटी जोडला. यादी छापली: 10 20. पन्नास गायब! मित्राचा चालवला: 10 20. मग गेल्या वर्षीची एक फाइल काढली, उल्हासनगरच्या एका सिनियरची. तीही 10 20.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार. चूक सारखी आली की बोलायला जागा उरत नाही. आणि ही चूक मित्राचीही नव्हती, त्यानेही ती उचललीच होती.

शेवटचा नोड काढला, पण `tail` त्या काढून टाकलेल्या नोडकडेच बोट दाखवत राहिला. पन्नास त्याच्या मागे लागला, मुख्य साखळीत आलाच नाही. `free(p)`च्या आधी एक ओळ हवी होती:

```c
if (p == tail) tail = q;
```

इथे `p` म्हणजे काढायचा नोड, `q` म्हणजे त्याच्या आधीचा. सरांनी विचारलं, "ही ओळ कुठे आहे?" मी गप्प. मित्र पटकन म्हणाला, "सर, मी याला फक्त बघायला दिला होता." फक्त बघायला! चॅटमध्ये फाइल दिसत होती, पण "नावं बदल" फोनवर बोललेलं, पुरावा काय दाखवणार? शून्य दोघांनाही मिळालं. मला त्याच्या शून्याचा काडीचाही आनंद झाला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल.

बाबांनी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये वीस वर्षं जीन्स शिवल्या. "मेड इन यूएसए" म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या घरात शिळा झालाय. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "लेबल बदललंस. शिलाई कोण बदलणार?"

आता तुमच्यासाठी. वेळेवर सुरुवात करा वगैरे सगळे सांगतात, मीही सांगतो. कामाचं हे: यादी असेल तर पहिला, मधला, शेवटचा नोड काढून बघाच, आणि काढल्यावर पुन्हा एक जोडा, कारण रोग तिथे दिसतो. अडलात तर कागदावर चौकोन आणि बाण काढा, प्रत्येक ओळीला बाण खोडून नवा काढा. माझी चूक असं केल्यावर दहा मिनिटांत सापडली, अर्थात शून्य मिळाल्यानंतर. कोणाचा कोड बघितलाच तर त्याची खिडकी बंद करून लिहा, आणि वर कॉमेंटमध्ये कुणाची मदत घेतली ते टाका. स्वतःची फाइल कुणाला पाठवू नका, मग तो रोजचा डब्यातला का असेना.

आणि आधी नियम वाचा. आमच्याकडे एक दिवस उशीर झाला तर दोन मार्क कापतात. डिलीट न चालणारा प्रोग्राम तसं लिहून दिला असता, तर पाच गेले असते.