ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा: एफडी चालते, फंड चालत नाही

प्रश्न: आम्ही बसवनगुडीत राहतो. मुलीला येत्या सप्टेंबरपासून लंडनबाहेरच्या एका विद्यापीठात एम.एससी.साठी प्रवेश मिळाला आहे. फी २२ हजार पाउंड असून त्यातले ४ हजार भरले. माझ्या नावावर २४ लाखांच्या एफडी (पैकी दीड लाख टॅक्स सेव्हर), बचत खात्यात ३ लाख, म्युच्युअल फंडात १८ लाख आणि राहता फ्लॅट आहे. एजंट म्हणतो, फ्लॅटचे व्हॅल्युएशन आणि सीएचे नेटवर्थ सर्टिफिकेट जोडा, काम होईल. होईल का?
— एक पालक, बेंगळुरू

उत्तर: नाही होणार. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला तुमची ऐपत किती हा प्रश्नच नसतो. ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात होती का आणि ती लगेच काढता येते का, एवढेच अधिकारी पाहतो. फ्लॅट, शेअर आणि म्युच्युअल फंड या हिशोबात शून्य धरले जातात. सीएच्या सर्टिफिकेटनेही ते शून्यच राहतात.

आधी रक्कम काढू. उरलेली फी १८,००० पाउंड. लंडनबाहेर राहण्याचा खर्च नोव्हेंबर २०२५ पासून महिना १,१७१ पाउंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा, म्हणजे १०,५३९. एकूण २८,५३९ पाउंड. पाउंड १२० रुपये धरला तर सुमारे ३४ लाख २५ हजार. भाव मात्र अर्जाच्या दिवशीचा लागतो, म्हणून दोनेक लाख वर ठेवाच.

एफडी मोडायची गरज नाही, मुदतीआधी मोडता येते एवढे सिद्ध झाले की पुरे. टॅक्स सेव्हर पाच वर्षे अडकलेली असते, ती वगळा. जिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेतला आहे तीही वगळा. बँकेकडून लेटरहेडवर पत्र घ्या: नाव, एफडी क्रमांक, रक्कम, सुरू झाल्याची तारीख, आणि मुदतपूर्व काढता येते हे स्पष्ट वाक्य. एक फसगत नेहमी होते. एफडी मधेच आपोआप रिन्यू होते, पावतीवर नवी तारीख येते आणि पैसे दहाच दिवसांपूर्वीचे दिसतात. तसे असेल तर ही जुन्याच ठेवीची पुढची मुदत आहे, हे त्याच पत्रात लिहून घ्या.

ठेव सहकारी बँकेत असेल तर जास्त जपा. तुमच्या बसवनगुडीतल्याच श्री गुरु राघवेंद्र सहकार बँकेवर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये निर्बंध आणले, तेव्हा ठेवीदारांना ३५ हजारांपलीकडे हात लावता येईना. पावती खरी होती, पण पैसा हाताशी नव्हता. अशी ठेव व्हिसासाठी धरता येत नाही. शिवाय अधिकाऱ्याला बँकेकडे पडताळणी करता आली नाही, तरी रक्कम बाद होते.

तुमच्याकडे मोजता येण्याजोगे साडेबावीस आणि तीन, असे साडेपंचवीस लाख आहेत. फंडातून ११ लाख काढा, बेरीज साडेछत्तीस होईल. इक्विटी फंडाचे पैसे साधारण दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात. ईएलएसएसचे तीन वर्षांच्या आतले युनिट निघत नाहीत. वर्षापेक्षा जुन्या इक्विटी युनिटवर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्याला साडेबारा टक्के कर आहे, त्याचे पैसे वेगळे काढा.

समजा पैसे ८ जूनला जमा झाले. तो पहिला दिवस धरून अठ्ठाविसावा दिवस ५ जुलै. स्टेटमेंट ६ जुलैपर्यंतचे घ्या आणि त्या तारखेपासून ३१ दिवसांत, म्हणजे ५ ऑगस्टच्या आत, अर्जाची फी भरा. मधल्या काळात सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक एक दिवस जरी आकड्याखाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्या महिन्यात विमानाचे तिकीट या खात्यातून काढू नका.

पैसे तुमच्या नावावर चालतात, काका किंवा आजोबांच्या नावावर नाहीत. सोबत मुलीचा जन्मदाखला आणि तुमचे संमतिपत्र हवे. दाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. बँकेत तुमचे नाव इनिशियल्सने आणि दाखल्यावर पूर्ण असेल, तर बँकेकडून पूर्ण नावाचे पत्र आत्ताच मागा.

फ्लॅट उपयोगी पडतो तो शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून. बँकेचे मंजुरीपत्र मुलीच्या नावे, सहा महिन्यांच्या आतले आणि प्रवासाआधी पैसे मिळतील असे सांगणारे हवे. व्हिसा मिळणे याखेरीज दुसरी अट त्यात नको. कर्जाला २८ दिवसांची अट नाही, म्हणून फंड विकायचे नसतील तर हा मार्ग बघा.

तुम्ही दोघे पुढे तिला भेटायला जाल तो व्हिजिटर व्हिसा वेगळा. तिथे ठरीव आकडा नाही. अधिकारी दरमहाची मिळकत, खर्च आणि खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम पाहतो. फंडाचे स्टेटमेंट आणि फ्लॅटची कागदपत्रे तेव्हा जोडा, परत येण्याचे कारण म्हणून ती तिथे वाचली जातात.