कढीलिंबाची दहा पाने

तुमच्या आळीत सकाळी फिरायला निघणाऱ्या मंडळींत एखादे तरी काका असे असतील, की जे परसातल्या झाडाची आठ-दहा पाने ओरबाडून अनशापोटी चावून खातात. कोणी केसांसाठी खातो, कोणी साखरेसाठी. ‘‘नुकसान तर नाही ना?’’ असे म्हणून घरातली इतर माणसेही हळूहळू त्यांना सामील होतात. या दहा पानांचा हिशोब आज आपण करू. हिशोब म्हणजे खरोखरच आकड्यांचा.

प्रथम झाडाची ओळख. कढीलिंब, कढीपत्ता, विदर्भात गोडलिंब, अशी याची नावे आहेत. नावात लिंब असला तरी कडुलिंबाशी याचे जवळचे नाते नाही. हे झाड लिंबू, संत्रे आणि बेल यांच्या कुळातले आहे. पान चुरगळल्यावर जो वास येतो तो त्यातील उडनशील तेलाचा. याखेरीज पानात कार्बाझोल वर्गातील अल्कलॉइडे असतात. महानिंबीन हे त्यांपैकी एक. साखर कमी होण्याचे श्रेय बहुतेक संशोधक या द्रव्यांना देतात. ही द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. आजीने पाने फोडणीत टाकली ती चवीसाठी, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही ती बरोबर जागी पडली.

आता मुद्द्याकडे वळू. ‘कढीलिंबाने साखर उतरते हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे,’ असे वाक्य तुम्ही वाचले असेल. प्रयोग झाले आहेत, ही गोष्ट खरी. परंतु ते कोणावर आणि किती मात्रेने, हे त्या वाक्यात नसते. 2002 साली प्रसिद्ध झालेला एक भारतीय प्रयोग घेऊ. पांढऱ्या उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी रासायनिक द्रव्य टोचून निकामी केल्या आणि त्यांना मधुमेह घडवून आणला. मग पाच आठवडे त्यांच्या खाद्यात कढीलिंबाच्या पानांची पूड मिसळली. काहींना 5 टक्के, काहींना 10, काहींना 15 टक्के. ज्यांचा मधुमेह सौम्य होता त्यांची रक्तशर्करा 15 टक्क्यांच्या मात्रेने सुमारे 21 टक्के उतरली. ज्यांचा मधुमेह अधिक होता त्यांची जेमतेम 8 टक्के उतरली, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. निरोगी उंदरांत तर म्हणण्यासारखा फरक पडलाच नाही.

हा प्रयोग आपल्या काकांना लावून पाहू. मोठा माणूस दिवसाकाठी, पाणी वगळून, साधारण 500 ग्रॅम अन्न खातो असे धरा. त्याचे 15 टक्के म्हणजे 75 ग्रॅम सुकी पूड. ताज्या पानाच्या वजनात दोनतृतीयांशाच्या आसपास पाणी असते. तेव्हा 75 ग्रॅम पुडीसाठी सव्वादोनशे ग्रॅम ताजी पाने लागतील. मध्यम आकाराच्या दहा पानांचे वजन ढोबळमानाने एक ग्रॅम भरते. (शाळेच्या तराजूवर शंभर पाने एकदम तोलून पाहा आणि भागाकार करा. एकेक पान तोलण्यात चूक मोठी येते.) म्हणजे काकांना रोज सुमारे सव्वादोन हजार पाने चावावी लागतील! ते खातात त्या दहा पानांची पूड होते एकतृतीयांश ग्रॅम, म्हणजे अन्नाच्या 0.07 टक्के. उंदरांमध्ये 5 टक्क्यांच्या मात्रेचा परिणामसुद्धा निश्चित म्हणावा इतका नव्हता, हे येथे ध्यानात घ्या. उंदराची मात्रा माणसाला अशी सरळ त्रैराशिकाने लावता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण उत्तरात दुपटी-तिपटीचा फरक पडला तरी दहा पाने आणि दोन हजार पाने यांतली दरी बुजत नाही.

मग माणसांवर प्रयोग झालाच नाही का? झाला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील उमा अय्यर आणि उलियार मणी यांनी तो केला व 1990 मध्ये प्रसिद्ध केला. इन्शुलिन न घेणाऱ्या 30 मधुमेही रुग्णांना एक महिनाभर रोज 12 ग्रॅम पूड देण्यात आली. आपल्या हिशोबाने ही सुमारे 360 पाने झाली. पंधराव्या दिवशी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही वेळची साखर काहीशी उतरलेली दिसली. पण ही घट टिकली नाही. शिवाय रक्तातील शर्करायुक्त प्रथिनांत आणि चरबीयुक्त पदार्थांत लक्षणीय बदल आढळला नाही.

हे शर्करायुक्त प्रथिन म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखे आहे. रक्तातील ग्लुकोज विकरांच्या मदतीशिवाय, आपोआप, प्रथिनांना हळूहळू चिकटत असते. साखर जितकी जास्त तितके चिकटणे जास्त. रक्तद्रवातील प्रथिने दोन-तीन आठवडे टिकतात आणि तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस. त्यामुळे तितक्या मुदतीतली साखरेची सरासरी त्यांच्यावर जणू नोंदली जाते. मोटारीतला वेगदर्शक काटा त्या क्षणाचा वेग दाखवतो, पण सरासरी वेग काढायला कापलेले एकूण अंतर आणि लागलेला वेळ घ्यावा लागतो. बोटाला टोचून पाहिलेली साखर हा काटा आहे. शर्करायुक्त प्रथिन ही सरासरी. बडोद्याच्या प्रयोगात काटा काही काळ खाली आला, सरासरी मात्र हलली नाही.

काकांच्या हाती मात्र फक्त काटा असतो, आणि तोही थरथरणारा. घरगुती ग्लुकोमापकाला 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 100 च्या वरच्या वाचनात 15 टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. समजा, खरी साखर 160 आहे. यंत्राने 136 दाखवले तरी ते मानकात बसते आणि 184 दाखवले तरी बसते. एके दिवशी 178 दिसले, काका घाबरले, त्यांनी पाने सुरू केली. आठवड्याने 152 दिसले. पानांनी 26 ने उतरवली? पाने खाल्ली नसती तरी असेच दिसण्याचा संभव मोठा होता. कारण माणूस उपाय सुरू करतो तो नेहमी वाईट वाचनानंतर, आणि अपवादाने वर गेलेल्या वाचनानंतरचे वाचन बहुधा खालीच येते. खरा धोका यापुढे आहे. 152 पाहून काका डॉक्टरांची गोळी बंद करतात. मग सरासरी महिनोन् महिने वर चढत राहते. ना दुखते, ना खुपते. त्रास जाणवू लागेपर्यंत डोळ्यांचे आणि मूत्रपिंडाचे नुकसान होऊन गेलेले असू शकते. तुमच्या घरात कोणी असे करत असेल तर पाने खाऊ द्या, गोळी मात्र सोडू देऊ नका.

आता ‘अनशापोटी’ या शब्दाकडे पाहू. मला यातली ही सर्वांत गमतीची गोष्ट वाटते. कढीलिंबाचा अर्क परीक्षानळीत पिष्टाचे पचन करणाऱ्या विकरांना अडवतो, असे आढळले आहे. पिष्टाचे ग्लुकोज सावकाश झाले की साखर एकदम चढत नाही. कल्पना ठीक आहे. पण मग पान पोटात हवे केव्हा? पिष्ट पोटात असेल तेव्हा! याच तत्त्वावर चालणारे अकार्बोज नावाचे औषध जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायचे असते. सकाळी सहाला पाने चावायची आणि पोहे नवाला खायचे, म्हणजे दरवाजा बंद करून पहारेकरी घरी गेल्यावर चोर येण्याची वाट पाहण्यासारखे झाले.

हा प्रयोग शाळेत करता येईल. एक ग्रॅम पिष्ट 100 घनसेंटीमीटर पाण्यात उकळून गार करा. दहा पाने थोड्या पाण्यात वाटून गाळून घ्या. चूळ भरून जमवलेल्या लाळेत तितकेच पाणी घाला. प्रत्येकाने स्वतःचीच लाळ वापरावी. पहिल्या नळीत पिष्ट, पाणी आणि लाळ. दुसऱ्या नळीत पिष्ट, पानांचा अर्क आणि लाळ. नळ्या कोमट पाण्यात ठेवून दर मिनिटाला एकेक थेंब पांढऱ्या फरशीवर आयोडीनच्या थेंबात टाका. निळा रंग यायचा थांबला की पिष्ट संपले. दोन नळ्यांना लागणाऱ्या वेळांची तुलना करा.

येथे दोन खाचखळगे आहेत. पानांतील क जीवनसत्त्वासारखी द्रव्ये आयोडीनचा रंग स्वतःच घालवू शकतात. मग पिष्ट शिल्लक असूनही ते संपल्यासारखे दिसेल. म्हणून तिसरी नळी हवी, पिष्ट आणि अर्क असलेली, पण लाळेऐवजी पाणी घातलेली. तीतही निळा रंग येत नसेल तर आयोडीन थोडे जास्त घ्या, नाहीतर तुमचे निष्कर्ष फुकट. दुसरे असे, की चौथ्या नळीत अर्काऐवजी थोडा गार कोरा चहा घालून पाहा. चहातील टॅनिनेही लाळेतील विकराला अडवतात. परीक्षानळीतल्या अडवण्याला औषध म्हणायचे, तर चहालाही तो मान द्यावा लागेल.

केसांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. पाने खाऊन केस वाढतात किंवा पांढरे केस काळे होतात, असे माणसांवरच्या नीट आखलेल्या प्रयोगाने दाखवलेले नाही. पानात लोह असते असे सांगतात. असते, 100 ग्रॅममागे साधारण 9 मिलिग्रॅम. दहा पानांत म्हणजे 0.09 मिलिग्रॅम, आणि प्रौढ स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅम. मग ‘मला गुण आला’ असे सांगणारी माणसे खोटे बोलतात का? नाही. मोठा ताप येऊन गेल्यावर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी पुष्कळ केस एकदम गळू लागतात. कारण तापाच्या वेळी बरीच केसमुळे एकदम विश्रांतीच्या अवस्थेत गेलेली असतात. विश्रांती संपली की तीच मुळे नवा केस उगवतात आणि काही महिन्यांत गळती आपोआप थांबते.

समजा, जुलैत एखाद्या मुलीला हिवताप झाला. सप्टेंबरअखेर फणीत पुंजकेच्या पुंजके येऊ लागले. ऑक्टोबरात तिने पाने सुरू केली, आणि फेब्रुवारीत गळती थांबून कपाळाशी नवे आखूड केस दिसू लागले. त्या केसांची लांबी मोजा. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. लांबी पाच सेंटीमीटर भरली, तर ते केस सप्टेंबरातच उगवू लागले होते, पहिले पान तोडण्याच्या आधी.