रेल्वेच्या अर्जाचे परीक्षाशुल्क : सवलत, परतावा आणि जपावयाचे कागद

‘मागासवर्गीयांना फी माफ’ हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये सर्रास ऐकू येते. परंतु त्याचा अर्थ प्रत्येक भरतीत निराळा असतो. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेचे शुल्क शंभर रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना व सर्व महिलांना ते भरावेच लागत नाही. आपल्या राज्याच्या २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १००० रुपये होते आणि राखीव प्रवर्गाला ९००. ती माफी नव्हती, शंभर रुपयांची सूट होती. रेल्वे भरती मंडळाची रीत तिसरीच आहे. तिथे सवलतीच्या उमेदवारालाही आधी पैसे भरावे लागतात, आणि ते परत मिळतात ते परीक्षेला बसल्यावरच. पालकांचा गोंधळ सर्वाधिक येथेच होतो, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

रेल्वेत सर्वसाधारण शुल्क ५०० रुपये आहे. पहिल्या टप्प्याची संगणकीय परीक्षा दिल्यास त्यातील ४०० रुपये परत मिळतात. अनुसूचित जाती व जमाती, महिला, दिव्यांग, माजी सैनिक, अल्पसंख्याक आणि आर्थिकदृष्ट्या मागास उमेदवार यांच्यासाठी शुल्क २५० रुपये आहे आणि परीक्षा दिल्यावर बँकेचा आकार वजा जाता ते सर्व परत मिळते. इतर मागासवर्ग या यादीत नाही, हे पुष्कळांना शुल्क भरताना कळते.

आता आपल्या समाजातील एखादी मुलगी घ्या. ती महिला आहे, अनुसूचित जातीची आहे आणि बौद्ध म्हणून केंद्राच्या अल्पसंख्याकांतही मोडते. सवलतीला तीन आधार असले तरी शुल्क २५० च राहते. म्हणून काहीजणी ‘अल्पसंख्याक’ एवढेच नोंदवून प्रवर्ग खुला ठेवतात. शुल्कापुरते ते चालून जाते, पण आरक्षण आणि वयाची सवलत हातची जाते. कारण अल्पसंख्याक ही नोंद केवळ शुल्काच्या कामी येते. प्रवर्ग अनुसूचित जाती असाच लिहावा. धर्म बौद्ध लिहिल्याने त्यास बाध येत नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्धांना हा लाभ नव्हता. १९९० च्या दुरुस्तीने तो मिळाला. मात्र दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा आणि त्यावर यादीतील मूळ जातीचे नाव हवे, कारण केंद्राच्या यादीत ‘बौद्ध’ नावाची जात नाही. केवळ अल्पसंख्याक म्हणून सवलत घेणाऱ्याला कागदपत्र पडताळणीच्या वेळी मुद्रांक कागदावर तसे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

परताव्याला किती काळ लागू शकतो, याचे उदाहरण २०१९ च्या पहिल्या स्तराच्या भरतीचे आहे. लोक तिला ‘ग्रुप डी’ म्हणतात. अर्ज मार्च-एप्रिल २०१९ मध्ये भरले गेले आणि परीक्षा झाली ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. आपल्या या मुलीने अर्जात देना बँकेचे खाते दिले होते असे समजा. १ एप्रिल २०१९ रोजी ती बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली आणि पुढे जुना आयएफएससी क्रमांक बाद झाला. मुलीने परीक्षा दिली, परतावा तिच्या हक्काचा झाला. पण अर्जातील जुन्या क्रमांकावर तो पोहोचणार कसा? अशांसाठी परीक्षेनंतर मंडळाने खात्याचा तपशील सुधारण्याची सोय संकेतस्थळावर दिली. तिथे नोंदणी क्रमांक लागतो. साडेतीन वर्षांपूर्वी सायबर कॅफेत भरलेल्या अर्जाचा क्रमांक ज्यांनी जपला नव्हता, त्यांची तिथेच अडचण. अर्जात मोबाइल क्रमांक कॅफेवाल्याचा असेल, तर ती आणखी वाढते.

शुल्क भरताना खात्यातून रक्कम वजा होते आणि अर्जावर मात्र ते भरल्याची नोंद दिसत नाही, असेही घडते. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नये. पुन्हा प्रवेश करून अर्जाची स्थिती पाहावी आणि बँकेच्या संदेशातील व्यवहार क्रमांक लिहून ठेवावा. अयशस्वी व्यवहाराची रक्कम साधारणतः काही दिवसांत त्याच खात्यात परत येते. तेवढी वाट पाहता यावी, यासाठी शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये. मुदत संपत आलीच असेल, तर दुसऱ्यांदा भरून दोन्ही व्यवहारांच्या नोंदी ठेवाव्यात.

घरी एक पाकीट करावे व त्यावर जाहिरातीचा क्रमांक लिहावा. आत पूर्ण भरलेल्या अर्जाची छापील प्रत असावी, जिच्यावर नोंदणी क्रमांक असतो. तिला शुल्काची पावती जोडावी आणि अर्जात दिलेल्या खात्याच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत घालावी. खाते उमेदवाराच्या स्वतःच्या नावाचे असलेले बरे. जाहिरातही उतरवून ठेवावी, कारण शुल्काचा व परताव्याचा नियम तिच्यातच असतो आणि पुढच्या भरतीत तो बदललेला असू शकतो. परीक्षेनंतर प्रवेशपत्र बहुतेक मुले टाकून देतात. तेही याच पाकिटात ठेवावे. मूळ जातीचा दाखला वेगळा, घरच्या इतर मूळ कागदांबरोबर ठेवावा आणि पाकिटात त्याची प्रत घालावी. परतावा खात्यात जमा झाला की पासबुकातील त्या नोंदीखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. नोकरीची निवडप्रक्रिया चालू असेल, तर पाकीट त्यानंतरही टाकू नये.